मोहर्स सर्कल आणि प्रिन्सिपल स्ट्रेस: विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स शिकवताना हे प्रश्न मला दरवर्षी येतात. बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडलेले असतात. वर्तुळ काढता येतं, उत्तरही येतं, पण त्या वर्तुळावरचा एखादा बिंदू खऱ्या शाफ्टमध्ये कुठे आहे हे सांगता येत नाही. म्हणून इथे जवळजवळ सगळी उत्तरं एकाच शाफ्टवर दिली आहेत. शेजारी आलेख कागद, पट्टी, कंपास आणि कोनमापक ठेवूनच वाचा.

पुस्तकात दाखवतात तो छोटा चौकोनी एलिमेंट म्हणजे शाफ्टचा खरोखर कापलेला तुकडा असतो का?

नाही. तो शाफ्टमधला एक बिंदू असतो. बिंदूला बाजू नसतात, आणि स्ट्रेस तर कुठल्यातरी प्रतलावरच मोजावा लागतो. म्हणून आपण त्या बिंदूभोवती मनातल्या मनात एक चौकोन आखतो. उजवी बाजू म्हणजे उभं प्रतल, वरची बाजू म्हणजे आडवं प्रतल. चौकोन इतका लहान मानायचा की त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्ट्रेस बदलतच नाही.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. चौकोन सरळ आखायचा की तिरका, हे आपण ठरवतो. शाफ्टला त्याचं काही देणंघेणं नाही. आतली बलं तीच राहतात, पण कल्पनेतला छेद तिरका घेतला की त्या छेदाचं क्षेत्रफळ बदलतं आणि त्यावर लंब किती बल आणि समांतर किती, ही वाटणीही बदलते. म्हणजे परिस्थिती एकच, आणि आकडे मात्र प्रत्येक प्रतलावर वेगळे. या सगळ्या आकड्यांचा मिळून जो आलेख होतो, तेच मोहर्स सर्कल. वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे त्याच एका जागेतून जाणारं एक प्रतल. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

शाफ्टवर फक्त टॉर्क दिला तर फक्त शिअर यायला हवा. मग प्रिन्सिपल स्ट्रेस हा ताण कुठून येतो?

याचं उत्तर मी फळ्यावर देत नाही, एक अख्खा खडू हातात घेतो. दोन्ही टोकं चिमटीत धरायची आणि न वाकवता, न ओढता नुसता पिळायचा. खडू तुटतो तेव्हा तुटलेला पृष्ठभाग सरळ आडवा नसतो. तो अक्षाशी साधारण ४५ अंशांचा कोन करत, स्क्रूच्या आट्यासारखा फिरत जातो. मग दोन्ही तुकडे वर्गात फिरवायला देतो.

आता त्याचं वर्तुळ काढा. शुद्ध पीळ असेल तर उभ्या आणि आडव्या, दोन्ही प्रतलांवर नॉर्मल स्ट्रेस शून्य आणि फक्त शिअर τ असतो. वर्तुळाचं केंद्र बरोबर आरंभबिंदूवर येतं आणि त्रिज्या τ होते. हे वर्तुळ आडव्या अक्षाला +τ आणि −τ या दोन ठिकाणी छेदतं. म्हणजे असं एक प्रतल आहे ज्यावर शिअर अजिबात नाही आणि τ एवढाच शुद्ध ताण आहे. ते प्रतल मूळ प्रतलापासून ४५ अंशांवर असतं. खडू ठिसूळ असल्यामुळे ताणाला लवकर हार मानतो, म्हणून तो नेमका त्या प्रतलावर फाटतो. कास्ट आयर्नचा नमुना टॉर्शन टेस्टिंग मशीनवर असाच आट्यासारखा तुटतो. माइल्ड स्टीलचा नमुना मात्र आधी बरेच फेरे पीळ खातो आणि शेवटी अक्षाला काटकोनात, सपाट तुटतो, कारण तिथे आधी हार मानावी लागते ती शिअरला, आणि सगळ्यात मोठा शिअर अक्षाला काटकोनातल्या त्या छेदावर असतो.

प्रिन्सिपल प्रतल म्हणजे ज्यावर शिअर शून्य आहे ते प्रतल, आणि त्यावरचा नॉर्मल स्ट्रेस म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेस. सगळ्या प्रतलांमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान नॉर्मल स्ट्रेस याच प्रतलांवर असतो.

पण आकार वर्तुळाचाच का येतो?

कारण स्ट्रेस ट्रान्सफॉर्मेशनची दोन सूत्रं ही वर्तुळाचीच सूत्रं आहेत, फक्त तशी दिसत नाहीत.

```
σ' = (σx+σy)/2 + (σx−σy)/2·cos2θ + τxy·sin2θ
τ' =           − (σx−σy)/2·sin2θ + τxy·cos2θ
```

पहिल्या ओळीतलं (σx+σy)/2 डावीकडे न्या. दोन्ही ओळींचा वर्ग करा आणि बेरीज घ्या. θ पूर्ण निघून जातो आणि उरतं ते वर्तुळाचं समीकरण. केंद्र आडव्या अक्षावर सरासरी स्ट्रेसपाशी येतं. त्रिज्येसाठी एक काटकोन त्रिकोण पाहायचा: एक बाजू (σx−σy)/2, दुसरी τxy, आणि कर्ण म्हणजे त्रिज्या. पाच ओळींचं हे गणित एकदा स्वतःच्या हातानं करा. त्यानंतर सूत्र पाठ करावं लागत नाही.

कार्ल कुलमान यांनी १८६६ मध्ये तुळईतल्या स्ट्रेससाठी अशी वर्तुळाची रीत वापरली होती. ऑटो मोहर या जर्मन सिव्हिल इंजिनीअरनं १८८२ मध्ये तिचा सविस्तर विस्तार केला आणि नाव त्यांचं राहिलं. जर्मन उच्चार ‘मोर’ असा आहे, पण आपल्याकडे सगळे मोहर म्हणतात आणि मीही तेच म्हणतो.

एखादं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

५० मिलिमीटर व्यासाचा भरीव शाफ्ट दोन बेअरिंगवर टेकलेला आहे. मधल्या पुलीच्या भारामुळे धोक्याच्या छेदावर ९८२ न्यूटन मीटर बेंडिंग मोमेंट येतो आणि शाफ्टमधून ७३६ न्यूटन मीटर टॉर्क जातो. भार खाली ओढतो, म्हणून शाफ्टची खालची बाजू ताणाखाली असते. आपण त्या खालच्या पृष्ठभागावरचा एक बिंदू घेऊ. x दिशा शाफ्टच्या अक्षाच्या बाजूनं, y दिशा परिघाच्या बाजूनं.

बेंडिंगचा स्ट्रेस 32M/πd³ म्हणजे ८० मेगापास्कल येतो. टॉर्शनचा शिअर 16T/πd³ म्हणजे ३० मेगापास्कल. परिघाच्या दिशेनं काहीच ओढत नाही, म्हणून σy शून्य. शिअर फोर्समुळे येणारा शिअर सगळ्यात खालच्या बिंदूवर शून्य असतो, त्यामुळे तो सोडून देता येतो. बाहेरून पाहिलं तर एलिमेंटच्या उजव्या बाजूवर शिअर वरच्या दिशेनं आहे असं धरू.

आता आलेख कागद. प्रमाण १ सेंटिमीटरला १० मेगापास्कल. आडवा अक्ष नॉर्मल स्ट्रेसचा, ताण उजवीकडे. उभा अक्ष शिअरचा. उजव्या बाजूसाठी X हा बिंदू घ्या: ८ सेंटिमीटर उजवीकडे, ३ खाली. वरच्या बाजूसाठी Y हा बिंदू: आडवं अंतर शून्य, ३ सेंटिमीटर वर. (खाली का आणि वर का, ते पुढच्या प्रश्नात.) X आणि Y सरळ रेषेनं जोडा. ही रेषा आडव्या अक्षाला ४ सेंटिमीटरवर छेदते. हे केंद्र C. तिथे कंपासचं टोक ठेवा, पेन्सिल X वर आणा आणि वर्तुळ पूर्ण करा. ते Y मधून गेलंच पाहिजे.

त्रिज्या मोजा, ५ सेंटिमीटर येईल. वर्तुळ आडव्या अक्षाला उजवीकडे ९ वर आणि डावीकडे −१ वर छेदतं. म्हणजे σ1 आहे ९० मेगापास्कल ताण आणि σ2 आहे १० मेगापास्कल दाब. शाफ्टला परिघाच्या बाजूनं कुणी दाबत नसतानाही या बिंदूतून जाणाऱ्या एका प्रतलावर दाब आहे, हे नीट पाहा. वर्तुळाचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बिंदू सर्वांत मोठा शिअर दाखवतो: ५० मेगापास्कल. तिथे नॉर्मल स्ट्रेस मात्र शून्य नसतो, तो ४० असतो. परीक्षेत हा ४० लिहायचा सर्रास राहून जातो.

आता दिशा. केंद्रातून X कडे जाणारी त्रिज्या धरा आणि तिथून ९० च्या बिंदूपर्यंत किती फिरावं लागतं ते कोनमापकानं मोजा. जवळजवळ ३७ अंश, घड्याळाच्या उलट दिशेनं. एलिमेंटवर याच्या निम्मं फिरायचं, त्याच दिशेनं. म्हणजे सर्वांत मोठ्या ताणाची दिशा शाफ्टच्या अक्षापासून साधारण साडेअठरा अंश, घड्याळाच्या उलट. गणितानं हे कोन ३६.८७ आणि १८.४३ येतात.

शिअर वर मांडायचा की खाली? दोन पुस्तकांत दोन प्रकार आहेत.

सगळ्यात जास्त गुण याच ठिकाणी जातात. काही पुस्तकं धन τxy वर मांडतात आणि मग वर्तुळावर उलट्या दिशेनं फिरायला सांगतात. काही उभा अक्षच उलटा करतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. घोटाळा होतो तो अर्धी एकीची आणि अर्धी दुसरीची घेतली की.

मी एकच नियम वापरतो आणि तो चिन्हावर नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या फिरण्यावर चालतो. बाणाकडे बघा. त्या बाजूवरचा शिअर एलिमेंटला घड्याळाच्या दिशेनं फिरवू पाहत असेल तर तो बिंदू वर मांडायचा, उलट दिशेनं फिरवू पाहत असेल तर खाली. आपल्या एलिमेंटच्या उजव्या बाजूवर बाण वर जातो. उजवी कड वर उचलली की चौकोन घड्याळाच्या उलट फिरेल, म्हणून X खाली. वरच्या बाजूवर बाण उजवीकडे जातो. तो चौकोनाला घड्याळाच्या दिशेनं फिरवतो, म्हणून Y वर. समतोलासाठी ही जोडी नेहमी अशीच विरुद्ध असते. X आणि Y दोन्ही वर आले तर पुढे जाऊच नका, बाण चुकले आहेत.

या नियमाचा मोठा फायदा हा की वर्तुळावर ज्या दिशेनं फिराल, त्याच दिशेनं एलिमेंट फिरतो. दिशा उलटवण्याची भानगडच राहत नाही.

वर्तुळावर कोन दुप्पट का होतो?

एलिमेंटची उजवी बाजू आणि वरची बाजू यांत ९० अंशांचं अंतर आहे. वर्तुळावर X आणि Y व्यासाच्या दोन टोकांना आहेत, म्हणजे १८० अंशांवर. दुप्पट तिथेच दिसते. आणखी एक मार्ग: एलिमेंट १८० अंश फिरवला तर उजवी बाजू डावी होते, पण प्रतल तेच राहतं आणि त्यावरचा स्ट्रेसही तोच. म्हणजे अर्ध्या फेरीत आपण सुरुवातीच्या बिंदूवर परत यायला हवं, आणि वर्तुळावर परत येण्यासाठी पूर्ण फेरी लागते.

याचा हातानं काढताना एक फायदाही होतो. कोनमापकात एक अंश चुकलात तर एलिमेंटवर चूक अर्ध्या अंशाचीच राहते.

प्रिन्सिपल प्रतल सोडून भलत्याच कोनावरचा स्ट्रेस विचारला तर?

तेच वर्तुळ, दुसरा बिंदू. समजा शाफ्टवर तिरका वेल्ड आहे आणि त्या वेल्डच्या प्रतलाचा लंब अक्षापासून ३० अंश, घड्याळाच्या उलट आहे. CX या त्रिज्येपासून ६० अंश उलट फिरा. CX ही त्रिज्या अक्षाच्या खाली ३६.८७ अंशांवर होती, आता आपण अक्षाच्या वर २३.१३ अंशांवर आलो. तिथला बिंदू वाचा: उजवीकडे ८.६ सेंटिमीटर, वर जवळजवळ २. म्हणजे वेल्डवर ८६ मेगापास्कल ताण आणि साधारण २० मेगापास्कल शिअर. बिंदू वर आहे, म्हणून हा शिअर त्या बाजूला घड्याळाच्या दिशेनं फिरवणारा. सूत्रातून ८५.९८ आणि १९.६४ येतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे ६० अंश आडव्या अक्षापासून मोजणं. मोजायचं ते नेहमी CX पासून. वर्तुळावर शून्य कोनाची जागा X आहे.

‘पोल’ म्हणजे काय? आमच्या सरांनी तो काढला, पण का ते कळलं नाही.

पोल घेतला की कोन दुप्पट करायचीही गरज पडत नाही. मला ही रीत फार आवडते, कारण तिच्यात प्रतल जसं आहे तसंच तिरकं कागदावर दिसतं.

X हा बिंदू उजव्या बाजूचा आहे आणि ती बाजू उभी आहे. म्हणून X मधून उभी रेषा काढा. ती वर्तुळाला जिथे पुन्हा छेदते तो पोल. आपल्या आकृतीत तो ८ सेंटिमीटर उजवीकडे आणि ३ वर येतो. तपासून पाहा: Y वरच्या, म्हणजे आडव्या बाजूचा आहे, म्हणून Y मधून आडवी रेषा काढली तर तीही नेमकी तिथेच पोचते. आता पोलपासून ९० च्या बिंदूपर्यंत रेषा काढा. ती रेषा म्हणजे प्रिन्सिपल प्रतलच, खरोखर त्याच कलानं. उभ्या रेषेपासून तिचा कोन मोजा, साडेअठरा अंश येतो. कोणत्याही प्रतलावरचा स्ट्रेस हवा असेल तर पोलमधून त्या प्रतलाला समांतर रेषा काढायची आणि ती वर्तुळाला छेदेल तो बिंदू वाचायचा.

उत्तर चुकलंय हे पेपर देण्याआधी कसं ओळखायचं?

दोन गोष्टी पाहा. पहिली, σ1 आणि σ2 यांची बेरीज σx आणि σy यांच्या बेरजेइतकीच असते. आपल्याकडे ९० आणि −१० मिळून ८०, मूळचे ८० आणि ० मिळूनही ८०. दुसरी, सर्वांत मोठ्या ताणाची दिशा डोळ्यांनी तपासा. एलिमेंटवरचे शिअरचे बाण दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे एकमेकांना भेटतात. आपल्या एलिमेंटमध्ये ते वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात भेटतात, म्हणजे त्या कर्णाच्या बाजूनं एलिमेंट ओढला जातो. σ1 ची दिशा नेहमी मोठा नॉर्मल स्ट्रेस आणि हा कर्ण यांच्या मधे पडते. अक्षापासून घड्याळाच्या उलट १८ अंश, म्हणजे बरोबर मधे. तुमचं उत्तर दुसऱ्या बाजूला गेलं असेल तर शिअर उलटा मांडला गेला आहे.

आणि आकृती अंड्यासारखी दिसत असेल तर दोन अक्षांना वेगवेगळं प्रमाण घेतलं आहे.

मशीन डिझाइनमध्ये इक्विव्हॅलंट टॉर्कचं सूत्र आहेच. मग वर्तुळ कशाला?

कारण ते सूत्र म्हणजे हेच वर्तुळ. ९८२ आणि ७३६ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्या, १२२७ न्यूटन मीटर येतं. हा टॉर्क 16T/πd³ मध्ये घातला की ५० मेगापास्कल येतात, म्हणजे आपली त्रिज्या. इक्विव्हॅलंट बेंडिंग मोमेंट म्हणजे ९८२ आणि १२२७ यांच्या बेरजेचा निम्मा, ११०४.५, आणि त्यातून येतात ९० मेगापास्कल, म्हणजे वर्तुळाचं उजवं टोक.

पण शाफ्टवर हेलिकल गिअर असेल आणि त्याचा अक्षीय दाबही येत असेल, तर पाठ केलेलं सूत्र जसंच्या तसं चालत नाही. वर्तुळ चालतं. अक्षीय दाबाचा स्ट्रेस σx मधून वजा करा, X थोडा डावीकडे सरकवा आणि पुन्हा काढा.

वर्तुळ बरोबर काढूनही सर्वांत मोठा शिअर चुकू शकतो का?

हो, आणि ही चूक कागदावर अजिबात दिसत नाही. १२०० मिलिमीटर व्यास आणि १० मिलिमीटर जाडीची दंडगोल टाकी घ्या, आत २ मेगापास्कल दाब. परिघाच्या दिशेचा स्ट्रेस १२०, लांबीच्या दिशेचा ६०. शिअर नाही, म्हणजे हेच प्रिन्सिपल स्ट्रेस. वर्तुळ ६० ते १२०, त्रिज्या ३०. विद्यार्थी सर्वांत मोठा शिअर ३० लिहून मोकळा होतो.

पत्र्याला तिसरी दिशाही आहे: जाडीची. बाहेरच्या पृष्ठभागावर त्या दिशेला स्ट्रेस शून्य आहे, आणि शून्य हाही तिसरा प्रिन्सिपल स्ट्रेस आहे. म्हणून तीन वर्तुळं काढायची: ६० ते १२०, ० ते ६०, आणि ० ते १२०. सगळ्यात मोठ्याची त्रिज्या ६०. खरा सर्वांत मोठा शिअर दुप्पट निघाला, आणि तो पत्र्याच्या जाडीतून ४५ अंशांनी जाणाऱ्या तिरक्या प्रतलावर आहे, कागदाच्या प्रतलात तो कधीच दिसला नसता. σ1 आणि σ2 दोन्ही एकाच चिन्हाचे आले की थांबा आणि शून्य मांडा. आपल्या शाफ्टमध्ये ९० आणि −१० च्या मधेच शून्य पडतं, म्हणून तिथे ५० हेच उत्तर बरोबर राहिलं.

हे उत्तर घेऊन शाफ्टचं डिझाइन पूर्ण होतं का?

स्थिर भारासाठी सुरुवात होते. सर्वांत मोठ्या शिअरचा निकष लावला तर ९० वजा −१० म्हणजे १०० मेगापास्कल हा आकडा यील्ड स्ट्रेंग्थशी ताडायचा. यील्ड २५० असलेल्या स्टीलसाठी फॅक्टर ऑफ सेफ्टी २.५ येतो.

पण आपलं वर्तुळ एका क्षणाचं चित्र आहे. शाफ्ट अर्धा फेरा फिरला की खालचा बिंदू वर जातो आणि तिथला बेंडिंग स्ट्रेस +८० चा −८० होतो. टॉर्क तसाच राहतो, म्हणून शिअर ३० च राहतो. त्या क्षणाचं वर्तुळ काढलं तर केंद्र −४० वर जातं आणि प्रिन्सिपल स्ट्रेस १० आणि −९० होतात, शिवाय प्रिन्सिपल प्रतलांची दिशाही बदललेली असते. हे प्रत्येक फेऱ्यात एकदा घडतं, आणि तिथून पुढचा हिशोब फटीगचा आहे. तसंच, कीवे किंवा खांदा असलेल्या छेदावर आपण घेतलेले ८० आणि ३० हे नुसते नॉमिनल आकडे आहेत. तिथे स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टरनं आधी गुणायचं, मग X आणि Y मांडायचे. वर्तुळ काढून झाल्यावर त्रिज्येला गुणलं तर चालत नाही, कारण बेंडिंगचा आणि टॉर्शनचा फॅक्टर वेगवेगळा असतो आणि त्यामुळे वर्तुळाचं केंद्र, त्रिज्या आणि कोन तिन्ही बदलतात.